चिठ्ठी हातात, जीव टांगणीला : औषधाच्या काउंटरवरची पहिली पाच मिनिटे

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये येणारा प्रत्येक माणूस सारखा नसतो. महिन्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या नेणारे आजोबा निवांत असतात. घरी तापाने फणफणलेले लेकरू ठेवून आलेल्या बापाचे तसे नसते. त्याचे शरीर काउंटरपाशी आणि मन घरी असते. अशा माणसाला औषध देणे सोपे असते, पण औषध समजावणे अवघड असते. घाबरलेल्या माणसाच्या कानावर शब्द पडतात, पण ते डोक्यात टिकत नाहीत. चूक इथेच होते आणि ती घरी गेल्यावर घडते. ही चूक काउंटरवर कशी पकडता येते, ते आज एका उदाहरणातून पाहू. हा लेख दुकानदार व गिऱ्हाईक या दोघांसाठीही आहे.

घाबरलेला माणूस कसा ओळखावा?

तो चिठ्ठी पुढे सरकवतो, पण नजर रस्त्याकडे असते. एकच प्रश्न दोनदा विचारतो. आपले वाक्य पूर्ण व्हायच्या आत "हो, हो" म्हणतो. कधी औषधाआधी किंमतच विचारतो, कारण खिशात किती आहेत याची त्याला धास्ती असते. यातले काही दिसले, की हात लगेच फळीकडे नेऊ नये. हातातले काम थांबवावे, मान वर करावी आणि आधी माणसाशी बोलावे.

"बोला, काय पाहिजे?" यापेक्षा "या दादा, बसा. औषध कोणासाठी आहे?" असे विचारणे चांगले. या एका प्रश्नाने दोन गोष्टी होतात. माणसाला बोलायला तोंड फुटते आणि रोगी मूल आहे की मोठे माणूस, हे चिठ्ठीवर वय लिहिलेले नसले तरी कळते. दुकानात गर्दी असेल तर तेही खरेखरे सांगावे : "या दोघांचं देतो, मग तुमच्याशी नीट बोलतो. पाच मिनिटं लागतील." वेळ सांगितली की वाट पाहणे सुसह्य होते. काहीही न सांगता ताटकळत ठेवले, तर घाबरलेला माणूस औषध घेऊन केव्हा निघतो असे करतो आणि सूचना ऐकायला थांबत नाही.

तीन साधे प्रश्न

अमेरिकेतील मूळ रहिवाशांसाठी तिथल्या सरकारची 'इंडियन हेल्थ सर्व्हिस' नावाची आरोग्यसेवा आहे. औषध देताना रोग्याला तीन प्रश्न विचारण्याची पद्धत या सेवेतील फार्मासिस्टांनी रूढ केली. हे औषध कशासाठी आहे असे डॉक्टरांनी सांगितले? ते कसे घ्यायला सांगितले? आणि घेतल्यावर काय होईल असे सांगितले? या प्रश्नांना नुसते 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येत नाही. माणसाला बोलावेच लागते आणि त्याला काय ठाऊक आहे, काय नाही, हे आपोआप बाहेर येते.

आता एक प्रसंग धरू. रात्रीचे आठ वाजले आहेत. दीड वर्षाच्या मुलीचा बाप चिठ्ठी घेऊन आला आहे. मुलीला ताप आहे, कान दुखतो. चिठ्ठीवर दोन औषधे आहेत. पहिले पॅरासिटामॉलचे पातळ औषध, ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेले, ताप असेल तेव्हा ५ मिलिलिटर. दुसरे अमॉक्सिसिलिनचे ड्राय सिरप, तेही १२५ चे, ५ मिलिलिटर दिवसातून तीन वेळा, पाच दिवस. बाप म्हणतो, "तापाचं औषध घरात आहे. फक्त दुसरं द्या, लवकर."

घाईचा दुकानदार "बरं" म्हणून एक बाटली देईल. निवांत दुकानदार विचारतो, "घरातलं कोणतं आहे? कोणासाठी आणलं होतं?" उत्तर येते, "थोरल्याचं. सहा वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात ताप आला होता." एवढ्यावरून दुकानदाराच्या लक्षात येते, की घरातली बाटली बहुधा २५० ची असणार. मोठ्या मुलांना तेच देतात. नाव तेच, रंगही बहुतेक तसाच, पण ५ मिलिलिटरमध्ये औषध दुप्पट.

याचा हिशेब सोपा आहे. मुलांना पॅरासिटामॉल वजनावर देतात. एका वेळेला दर किलोमागे साधारण १० ते १५ मिलिग्रॅम. या मुलीचे वजन १० किलो आहे, म्हणजे एका वेळेला १०० ते १५० मिलिग्रॅम. डॉक्टरांनी लिहिलेले १२५ बरोबर आहे. घरच्या बाटलीतून तेवढेच माप दिले असते तर पोटात २५० गेले असते. दिवसातून चार वेळा दिले तर १००० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे १००. सुरक्षित मर्यादा दिवसाला किलोमागे साधारण ६० धरतात. एखाद्या वेळेस जास्त गेल्याने बहुधा काही होत नाही. पण ताप उतरत नाही म्हणून असे दोन-तीन दिवस चालले, तर यकृताला इजा होऊ शकते. पहिल्या एक-दोन दिवसांत वरून काहीच दिसत नाही, हाच यातला मोठा धोका.

थेंबांच्या बाटलीचीही अशीच गफलत होते. ताप उतरवणारे थेंब तान्ह्या बाळांसाठी असतात आणि ते पातळ औषधापेक्षा बरेच तीव्र असतात. एक मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंब मिळतात. चमच्याने पाच मिलिलिटर दिले तर ५०० मिलिग्रॅम होतात. म्हणून बाटलीच्या नावापुढचा आकडा वाचल्याशिवाय माप घेऊ नये. सर्दीच्या काही पातळ औषधांतही पॅरासिटामॉल असते. घरात तसे काही चालू आहे का, हेही विचारून घ्यावे.

पावडरची बाटली

अमॉक्सिसिलिनची बाटली कोरड्या पावडरीची असते. देण्याआधी एक प्रश्न हवाच : "पूर्वी पेनिसिलीन किंवा असल्या औषधाने अंगावर पुरळ किंवा सूज आली होती का?" आली असेल तर औषध न देता डॉक्टरांना फोन करावा.

मग हिशेब. दिवसाला १५ मिलिलिटर, पाच दिवसांचे ७५. बाटली ६० ची असेल तर चारच दिवस पुरेल. घाईत एकच बाटली गेली, की पाचव्या दिवशी औषध संपते आणि "ताप तर गेला" म्हणून तसेच राहून जाते. म्हणून एक ६० ची व एक ३० ची द्यावी. दुसरी बाटली पहिली संपेपर्यंत पावडरच ठेवायला सांगावी. एकदा कालवलेले औषध साधारण सात दिवसच चांगले राहते.

कालवण्याची रीत करून दाखवावी. आधी बाटली हलवून पावडर सुटी करावी. उकळून गार केलेले पाणी थोडे घालून जोरात हलवावे. फेस बसला की पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत भरावे व पुन्हा हलवावे. खूण ही औषधाची पातळी आहे, गळ्यापर्यंत पाणी भरायचे नसते. भरले तर औषध फिके होते आणि प्रत्येक डोस कमी पडतो. कालवल्याची तारीख बाटलीवर लिहावी. मापासाठी सोबत दिलेली टोपी वापरावी, कारण घरातले चमचे लहान-मोठे असतात. दर वेळी देण्याआधी बाटली हलवावी, नाहीतर औषध तळाशी बसते.

"समजलं का?" हा प्रश्न विचारू नये

कारण घाबरलेला माणूस "हो" म्हणणारच. त्याऐवजी असे म्हणावे : "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर बाळाच्या आईला कसं सांगाल?" आपल्या प्रसंगातला बाप म्हणाला, "दोन्ही औषधं तीन-तीन वेळा." म्हणजे तापाचे औषध ताप असेल तरच द्यायचे, हे त्याच्या डोक्यात राहिलेच नव्हते. दुकानदाराने न चिडता पुन्हा सांगितले : "तापाचं, ताप असेल तरच. दोन वेळांमध्ये निदान चार तास जाऊ द्या आणि दिवस-रात्र मिळून चार वेळांपेक्षा जास्त नको. दुसरं मात्र ताप गेला तरी पाच दिवस." मग हेच त्याने बाटल्यांवर मराठीत लिहून दिले. या सगळ्याला जेमतेम पाच मिनिटे लागली.

कुठे थांबावे?

धीर द्यावा, पण "काही होत नाही, उद्या बरी होईल" असे वचन देऊ नये. ते सांगणे दुकानदाराचे काम नाही. मूल पाणीही पीत नसेल, सारखे गुंगीत असेल, भराभर श्वास घेत असेल, झटके आले असतील किंवा बराच वेळ लघवी झाली नसेल, तर औषधाच्या बोलण्यात वेळ घालवू नये. तडक डॉक्टरकडे पाठवावे. चिठ्ठीचे अक्षर लागत नसेल तर अंदाजाने औषध देऊ नये, फोन करून विचारावे. डोस शंकास्पद वाटला तर तेही डॉक्टरांशीच बोलावे. गिऱ्हाईकासमोर "हे चुकीचं लिहिलंय" असे म्हटले, की आधीच घाबरलेल्या माणसाचा दोघांवरचाही विश्वास उडतो. एक औषध नाही म्हणून मनाने दुसरे देणेही बरोबर नाही. चिठ्ठीवरच्या शेड्यूल एच औषधाऐवजी दुकानदाराने स्वतःहून दुसरे औषध देऊ नये, असा नियम आहे.

औषधाविषयी रोग्याला समजावून सांगणे ही मेहेरबानी नव्हे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सप्रमाणे ते नोंदणीकृत फार्मासिस्टचे कामच आहे. तेव्हा वाचकहो, विचारायला संकोच करू नका. लहान मुलासाठी औषध आणताना त्याचे वजन एका कागदावर लिहून न्या. घरात तापाच्या बाटल्या असतील तर त्याही पिशवीत घाला. काउंटरवर या बाटल्या समोर मांडून "यातली कोणती चालेल, किती आणि केव्हा?" एवढे विचारा आणि उत्तर बाटलीवर लिहून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.