फलंदाजीच्या पवित्र्याची दोन छायाचित्रे

आमच्या वसतिगृहातील दोन उजव्या हाताचे फलंदाज, दोघेही बारा वर्षांचे. पहिला सहज धावा काढी. दुसरा डाव्या यष्टीवर येणाऱ्या सरळ चेंडूवर वारंवार पायचीत होई. कारण शोधण्यासाठी आम्ही दोघांची छायाचित्रे घेतली. कॅमेरा गोलंदाजाच्या टोकाला, यष्ट्यांच्या सरळ रेषेत आणि फलंदाजाच्या कमरेच्या उंचीवर ठेवला. चेंडू हातातून सुटण्याच्या क्षणीच टिपले. कारण त्याआधीचा ऐटबाज पवित्रा त्या क्षणी टिकतोच असे नाही.

दोन्ही चित्रांवर पट्टीने दोन रेषा आखल्या. एक डोळ्यांतून आडवी, दुसरी नाकापासून ओळंब्यासारखी खाली. पहिल्याची आडवी रेषा जमिनीला समांतर होती आणि उभी रेषा बुटांच्या टोकांवर उतरत होती. दुसऱ्याचा उजवा डोळा खाली झुकला होता आणि उभी रेषा बुटांपुढे वीतभर, ऑफच्या बाजूला पडत होती. डोके तिकडे कलले की शरीराचा भारही तिकडे जातो. मग पायांवरच्या चेंडूसाठी बॅटला पुढच्या पायाला वळसा घालून यावे लागते आणि चेंडू आधी पॅडवर आदळतो.

येथे आमची चूक झाली. "डोके वर ठेव," एवढेच आम्ही त्याला सांगत राहिलो. तो चेंडूआधी डोके उचली, परंतु चेंडू सुटताच ते पुन्हा झुके. छायाचित्र पुन्हा निरखले, तेव्हा पकडीकडे लक्ष गेले. त्याचा खालचा हात दांड्याच्या अगदी तळाशी होता. संचातील मोठ्या माणसांची जड बॅट त्याच्या वाट्याला आली होती. ती पेलण्यासाठी हात खाली गेला, हातामागे उजवा खांदा आणि खांद्यामागे डोके.

पाच क्रमांकाची बॅट देऊन आम्ही पुन्हा छायाचित्र घेतले. काही न सांगता हात वर सरकला, डोळे समांतर झाले आणि उभी रेषा बुटांवर आली.

तथापि खाली धरलेली प्रत्येक पकड दोष मानू नये. सचिन तेंडुलकर दांडा बराच खाली धरत. लहानपणी थोरल्या भावाच्या मोठ्या बॅटने खेळल्याने ती सवय जडली, असे त्यांनीच सांगितले आहे. परंतु त्यांचे डोके स्थिर राही. म्हणून आधी डोके पाहावे. ते ढळत असेल तरच पकडीला हात घालावा. पकड किती घट्ट आहे, हे मात्र छायाचित्र सांगत नाही. त्यासाठी मुलाने पवित्रा घेतल्यावर बॅट हलकेच ओढून पाहावी. खालच्या हाताची मूठ आवळलेली असेल, तर ती अंगठा आणि पहिल्या दोन बोटांपुरती सैल करावयास सांगावे.

त्या मुलाला अखेर आम्ही एकच वाक्य सांगितले : "बाळ, दोष तुझा नव्हता, बॅट तुझ्या मापाची नव्हती."