'तू'चं 'तुम्ही' करताना : येडगावला पाठवलेल्या एका निरोपाची दुरुस्ती

होस्टेलमध्ये आपली सगळी मराठी 'तू'वर चालते. रूममेट तू, सीनियर दोन दिवसांत तू, कॅन्टीनमधला पोऱ्या तर पहिल्या मिनिटापासून तू. मराठी इथेच येऊन शिकलेल्या मुलांना 'तुम्ही' फारसं ऐकूच येत नाही. मी स्वतः कॉन्व्हेंटमधली, आमच्याकडे टीचर, प्रिन्सिपल आणि शिपाई सगळ्यांना एकच 'यू'. म्हणून हा धडा व्याकरणाच्या पुस्तकातून नाही, एका खऱ्या कामातून घेऊ.

आमच्या गटाच्या प्रोजेक्टचं गाव येडगाव, तालुका जुन्नर. कुकडी नदीवरच्या तिथल्या धरणातून कुकडीचा डावा कालवा निघतो. कालव्याला आवर्तन सुटलं की लगतच्या विहिरींचं पाणी किती वाढतं, ते आम्हाला मोजायचं होतं. एका शेतकरी काकांचा नंबर त्यांच्या मुलाकडून मिळाला. काका साठीच्या पुढचे, आमच्यापैकी कोणीच त्यांना पाहिलेलं नाही. हैदराबादहून आलेल्या आमच्या मित्राने निरोपाचा कच्चा मसुदा केला आणि तो दुरुस्त करायला माझ्याकडे दिला :

"हाय अंकल. तू शनिवारी सकाळी घरी असतोस का? तुझी विहीर दाखवशील का? ती तू कधी खोदलीस? तुझ्या नोकराला सांग, शुक्रवारी रात्री मोटर बंद ठेव. तुझ्या आईला पण भेटायचं आहे, तिला जुनं माहीत असेल. रिप्लाय कर."

पहिला मोह असा होतो की कॉम्प्युटरवर 'तू' शोधायचं आणि त्याजागी 'तुम्ही' घालायचं. तसं केलं तर 'तुम्ही असतोस का' असं काहीतरी तयार होतं. 'तुम्ही' हे मुळात अनेकवचन आहे. एका माणसाला आदराने अनेकवचन लावायचं, यालाच आदरार्थी बहुवचन म्हणतात. इंग्रजीतही पूर्वी एकाला 'दाउ' आणि अनेकांना 'यू' होतं. आदराचं 'यू' सगळ्यांना लागू झालं आणि 'दाउ' रोजच्या बोलण्यातून गेलं. मराठीत दोन्ही जिवंत आहेत, म्हणून क्रियापदालाही बाजू घ्यावी लागते.

ती बाजू शब्दाच्या शेवटी दिसते. 'असतोस'चं 'असता', 'दाखवशील'चं 'दाखवाल', 'सांग'चं 'सांगा'. 'खोदलीस' जरा गमतीचं आहे. त्यातली 'ली' विहिरीमुळे आली आहे, काकांमुळे नाही. म्हणून ती तशीच राहते आणि फक्त शेवटचा 'स' जाऊन 'त' येतो : 'विहीर तुम्ही कधी खोदलीत?' बोलताना हा 'त' पुष्कळदा गळतो आणि 'तुम्ही कधी खोदली?' असंही ऐकू येतं. त्याने अपमान होत नाही, कारण 'तुम्ही' शाबूत असतं. उलट 'तुम्ही' लिहून पुढे 'स' ठेवला तर लगेच खटकतं.

यात एक फायदाही आहे. 'असतोस' की 'असतेस' हे ठरवायला समोर पुरुष आहे की बाई ते माहीत लागतं. 'असता', 'दाखवाल', 'आलात' यांना ते लागत नाही. नुसता नंबर हातात असेल तेव्हा हे सोयीचं पडतं.

आता निरोपातल्या इतर माणसांकडे बघू, कारण चूक बहुतेक इथे राहून जाते. काकांना 'तुम्ही' केलं आणि त्यांच्या आईला 'ती' ठेवलं, तर आदर दारातच थांबला. काकांची आई म्हणजे ऐंशीच्या घरातली बाई. त्यामुळे 'तुमच्या आईंना', 'त्यांना माहीत असेल'. काका स्वतः घरात आईला 'तू' म्हणत असतील. आपणही आपल्या आईला, आजीला तू म्हणतो आणि विठोबालाही. तो जवळिकीचा तू असतो आणि ज्याचा त्यालाच शोभतो, बाहेरच्याने तो उचलायचा नसतो. मुलगा आमच्याच वयाचा, म्हणून 'तुमच्या मुलाने' चालतं. तिथे 'मुलांनी' लिहिलं तर दोन-तीन मुलगे आहेत असं वाटेल. मुलगा वयाने मोठा असता तर 'तुमच्या चिरंजीवांनी' लिहून हा घोटाळा टळतो.

राहिला 'नोकर'. मोटर बघणारा माणूसही वयाने मोठा असू शकतो आणि तो कामाला आहे म्हणून आमच्यासाठी 'तो' होत नाही. 'मोटर बघणाऱ्या काकांना' एवढं लिहिलं की झालं. होस्टेलच्या वॉचमनना आणि मेसच्या मावशींना आपण कोणती रूपं वापरतो, तेही याच हिशेबात बसतं.

मग 'तुम्ही' पुरे, की 'आपण' लिहावं? मी तसं लिहून पाहिलं. 'आपण विहीर दाखवाल का' ठीक वाटलं. पण पुढे 'आपली विहीर' आलं, म्हणजे काकांची की सगळ्यांची? 'पातळी आपण मोजू' यात काकाही मोजणार का? 'आपण'चा एक अर्थ 'मी आणि तू मिळून' असाही आहे, आणि आम्ही भेटायला जाणार असल्याने हा गोंधळ प्रत्येक ओळीत होणार. शिवाय 'आपण' वाचताना निमंत्रणपत्रिका किंवा ऑफिसची नोटीस आठवते. म्हणून मी 'तुम्ही' घेतलं आणि शेवटपर्यंत तेच ठेवलं. निम्मं 'आपण' आणि निम्मं 'तुम्ही' सगळ्यांत वाईट.

शेवटचा मुद्दा मोटरचा. 'बंद ठेवा' यात रूप बरोबर आहे, तरी तो हुकूमच राहतो. शेतीची वीज पाळीने येते. रात्रीची पाळी असेल आणि मोटर बंद ठेवली, तर पिकाचं एक पाणी चुकू शकतं. एवढं मोठं मागणं असेल तर रूप बदलून भागत नाही, समोरच्याला 'नाही' म्हणायला जागा ठेवावी लागते. 'ठेवता येईल का?' हा प्रश्न ती जागा देतो.

गेलेला निरोप असा :

"नमस्कार काका. आम्ही इंजिनिअरिंगचे चार विद्यार्थी. तुमचा नंबर तुमच्या मुलाने दिला. आवर्तन सुटल्यावर विहिरीचं पाणी किती वाढतं, ते आम्हाला प्रोजेक्टसाठी मोजायचं आहे. शनिवारी सकाळी तुम्ही घरी असाल का? आम्ही विहीर बघायला आलो तर चालेल का? त्यासाठी शुक्रवारी रात्री मोटर बंद ठेवता येईल का? पाण्याची पाळी चुकणार असेल तर मोटर बघणाऱ्या काकांना विचारून दुसरा दिवस सांगा, आम्ही तेव्हा येऊ. विहीर कधी खोदली ते भेटल्यावर विचारू. तुमच्या आईंना त्रास होणार नसेल तर त्यांच्याशीही थोडं बोलायचं आहे."

'अंकल'चं 'काका' झालं. पत्रातलं 'सा. न. वि. वि.' मी घातलं नाही, मोबाईलवर ते अवघडल्यासारखं दिसतं.

तुम्हाला असा निरोप तपासायचा असेल तर पाठवण्याआधी चार गोष्टी शोधा : 'तुझ-' किंवा 'तुला', क्रियापदाच्या शेवटचा 'स', '-शील', आणि 'सांग', 'कर', 'ठेव' अशी उघडी आज्ञा. निरोप लांब असेल तर एखादं 'तुझ्या' मधेच लपून बसतं, आणि वाचणाऱ्याच्या नजरेत नेमकं तेच भरतं. काकांचं उत्तर "ये रे पोरांनो, दुपारी जेवायलाच या" असं आलं, तरी त्यांचा 'ये' हा त्यांचा मान आहे. आपण 'येतो काका, तुम्ही सांगाल तेव्हा' असंच लिहायचं.