नाट्यछटेतील नकळत दिलेली कबुली

या घटकात आपण नाट्यछटा या प्रकाराच्या एकाच अंगाचा विचार करणार आहोत. नाट्यछटेत एकच माणूस बोलत असतो. समोर दुसरे कोणीतरी असते, पण त्याचा एकही शब्द आपल्या कानी पडत नाही. बोलणाऱ्याला काहीतरी साधायचे असते आणि त्यासाठी तो स्वतःचे एक चित्र उभे करत असतो. वाचकाच्या हाती मात्र निराळेच चित्र लागते. हे कसे घडते आणि ते ओळखायचे कशावरून, हा आपला प्रश्न आहे.

मराठीत हा प्रकार रुजवला तो दिवाकर, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे (1889–1931) यांनी. पुण्यात शाळामास्तर असलेल्या या लेखकाने 1911 पासून नाट्यछटा लिहिल्या. त्यांची प्रेरणा इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग याच्या नाट्यात्म एकभाषितांत होती. ब्राउनिंगचे निधन 1889 सालचे आणि दिवाकरांचा जन्मही त्याच वर्षीचा, हा निव्वळ योगायोग. पण परीक्षेत साल लक्षात ठेवायला उपयोगी पडतो! ब्राउनिंगच्या 1842 मधील एका प्रसिद्ध कवितेत फेराराचा ड्यूक आपल्या दिवंगत पत्नीचे चित्र एका पाहुण्याला दाखवतो. हा पाहुणा ड्यूकच्या नव्या लग्नाची बोलणी करायला आलेला दूत आहे. पत्नी सर्वांशी सारखीच हसून वागे, ही ड्यूकची तक्रार. आपण आज्ञा दिल्या आणि ते हसणे थांबले, असे तो सहज सांगून जातो आणि पुढे हुंड्याच्या गोष्टीकडे वळतो. त्याला दाखवायची असते आपली रसिकता आणि कुळाची प्रतिष्ठा. आपल्याला दिसतो तो पत्नीचा काळ ठरलेला पुरुष.

येथे स्वगताशी गल्लत करू नये. स्वगत बोलणाऱ्या पात्राला कोणापासून काही लपवायचे नसते, म्हणून आपण त्याच्या शब्दावर सहसा विश्वास ठेवतो. नाट्यछटेत समोर श्रोता असतो, त्याला वळवायचे असते. आणि वळवण्याच्या याच धडपडीत बोलणारा उघडा पडतो.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पुढील उतारा मी या पाठासाठीच रचला आहे. स्थळ मलकापूर रेल्वे स्थानकाबाहेरील झाडाची सावली. वडील वारल्यानंतर भाऊ सासरहून आलेल्या थोरल्या बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात नेणार आहे.

‘ये ताई, बस इथं सावलीत. जागा मिळाली ना गाडीत? बरं झालं सकाळीच आलीस, दुपारी त्या कचेरीत गर्दी होते. कागद काही मोठा नाही. आपलं शेत आपल्याच घरात राहावं, एवढंच. बाबांचीही तीच इच्छा होती. ... काय? छे, लिहून कुठून ठेवणार! दवाखान्यात त्यांचा हात कुठं चालत होता? सहीपुरता चालायचा, तेवढाच. ... ते जाऊ दे. आणि हे बघ, एक रुपया कोणाकडून घेतलेला नाही मी. ... अशी का बघतेस? रस्त्याकडचा तुकडा ना? तो गेला. खर्च होता तेव्हा. तुझ्या लग्नात बाबांनी काही कमी केलं नाही, ते आम्ही कधी काढलं का? तुझी वहिनी तर म्हणाली, ताईंचा वाटा देऊन टाका. मी म्हटलं, माझी बहीण तशी नाही. ... चहा? आधी कचेरी करू. दोन वाजता ते जळगावचे लोक यायचेत ... म्हणजे, आले तर. ... ताई, चष्मा कशाला काढतेस? वाचण्यासारखं काय आहे त्यात?’

2005 च्या कायदादुरुस्तीने हिंदू कुटुंबातील वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. त्यामुळे बहिणीच्या सहीला या प्रसंगात किती किंमत आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता भाषेकडे पाहू. पहिली खूण सर्वनामांची. मराठीत ‘आपण’ श्रोत्याला पोटात घेते, तर ‘आम्ही’ त्याला बाहेर ठेवते. इंग्रजीत या दोन्हींसाठी एकच शब्द आहे. मराठी लेखकाच्या हाती मात्र हे सूक्ष्म हत्यार आयतेच असते. भाऊ ‘आपलं शेत’ असे म्हणून सुरुवात करतो. लग्नाच्या खर्चाचा विषय निघताच ‘आम्ही कधी काढलं का’ असे म्हणतो. या ‘आम्ही’त बहीण नाही. तिला घराबाहेर काढणारे वाक्य त्याने केव्हा उच्चारले, हे त्याचे त्यालाही कळलेले नाही. शिवाय कधी काढले नाही असे म्हणता म्हणता त्याने ते काढलेच आहे.

दुसरी खूण क्रियापदाची. ‘मी तुकडा विकला’ या वाक्यात कर्ता आणि कर्म दोन्ही येतात, म्हणजे जबाबदारीही येते. ‘तो गेला’ या अकर्मक रचनेत जमीन जणू स्वतःच्या पायांनी चालत गेली. पुढे ‘मी म्हटलं, माझी बहीण तशी नाही’ येथे मात्र ‘मी’ ठसठशीत येतो. श्रेयाच्या जागी कर्ता आणि दोषाच्या जागी अकर्मक क्रियापद, ही वाटणी सलग दिसली की वाचकाने थांबावे. एकाच जागी दिसली तर तिच्यावर फार भार टाकू नये. बोलीत अशा रचना निष्पापपणेही येतात.

तिसरी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. श्रोता मुका असला तरी त्याच्या हालचालींचा पडसाद बोलणाऱ्याच्या शब्दांत उमटतो. ‘काय? छे’ किंवा ‘अशी का बघतेस’ या शब्दांवरून बहिणीने काही विचारले, रोखून पाहिले, हे आपल्याला कळते. नाट्यछटेतील टिंबांचे काम हेच. पण ‘एक रुपया कोणाकडून घेतलेला नाही मी’ या वाक्याआधी असा पडसाद नाही. बहिणीने पैशांविषयी विचारलेलेच नव्हते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आले की तो प्रश्न बोलणाऱ्याच्याच मनात घोळत होता, असे समजावे. म्हणून उतारा वाचताना प्रत्येक नकारापाशी मागे वळून पाहा: हा नकार कोणी मागितला होता का?

यापुढे वाक्ये एकमेकांशेजारी ठेवावी लागतात. ‘आपल्याच घरात राहावं’ आणि ‘जळगावचे लोक यायचेत’ ही दोन विधाने सुटी घेतली तर निरुपद्रवी आहेत. जोडली की शेताचे गिऱ्हाईक ठरलेले दिसते. ‘सहीपुरता हात चालायचा’ यावरून दवाखान्यात वडिलांकडून कशावर तरी सही घेतली गेली असावी, असा तर्क निघतो. पण तो तर्कच आहे. भावाने खोटी कागदपत्रे केली, असे उत्तरपत्रिकेत लिहिणारे विद्यार्थी मला नेहमी भेटतात. संहितेत तेवढा पुरावा नाही.

आणखी एक मर्यादा. भावाला लबाड ठरवून वाचन संपले, तर नाट्यछटा निम्मीच वाचली गेली. रॉबर्ट लँगबॉम या समीक्षकाने 1957 मध्ये दाखवून दिले की या प्रकारात वाचकाच्या मनात सहानुभूती आणि नैतिक निवाडा यांचा ताण निर्माण होतो. दवाखान्यातील खर्च खरा असेल. रात्री जागलाही तोच असेल. ‘माझी बहीण तशी नाही’ या वाक्यात डाव आहे, तसा बहिणीवरचा जुना विश्वासही आहे. चहा मागे ढकलताना तो घाईत आहे की तिच्या नजरेला घाबरला आहे? मला दुसरे वाटते, कारण घाबरलेला माणूसच शेवटचा प्रश्न विचारील. चष्मा बाहेर निघाला आहे, आणि ‘वाचण्यासारखं काय आहे त्यात’ हे विचारून त्याने वाचायलाच हवे असे काहीतरी त्यात आहे, हे सांगून टाकले आहे.

स्वाध्याय: वरील उताऱ्यात वहिनीचा उल्लेख एकदाच येतो. तिचे म्हणणे भावाच्या तोंडून आल्यामुळे त्याच्या खरेपणाविषयी काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही, हे उताऱ्यातील शब्दांच्या आधारे दहा ओळींत लिहा.