जांभळा मका आणि मुळांची देवघेव

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आरेतल्या एका वारली पाड्यावर गेले होते. तिथल्या मावशींनी बसूही दिले नाही, सरळ वाफ्याकडे नेले. "ताई, खालचा मका जांभळा पडलाय. दुकानदार डीएपी टाका म्हणतो. टाकू का?"

वीस पावलांवर वरच्या तुकड्यातला मका मात्र हिरवागार होता. बियाणे तेच, पाऊस तोच, पेरणीचा दिवसही तोच. मग फरक कशाचा? विचारल्यावर कळले, की वरच्या तुकड्यात हिवाळ्यात वाल आणि तूर होती आणि जूनमध्ये कुदळीने लहान खळगे करून मका टोकला होता. खाली मुळा घेतला होता, नंतर जमीन उन्हाळाभर उघडी पडली आणि मे महिन्यात भाड्याचा पॉवर टिलर दोनदा फिरवला होता.

पानांच्या कडा जांभळ्या होणे हे मक्यात स्फुरद कमी पडल्याची खूण असते. पण मातीत स्फुरद असूनही झाडाला ते मिळत नाही, असे होऊ शकते. आपल्या तांबड्या मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद घट्ट धरून ठेवतात. ते पाण्याबरोबर नत्रासारखे वाहत येत नाही. मूळ आपल्याभोवतीच्या एकदोन मिलिमीटरमधले स्फुरद शोषून घेते आणि मग ती जागा रिकामीच राहते.

इथे मायकोरायझा नावाची बुरशी कामाला येते. तिचे तंतू मुळापेक्षा कितीतरी बारीक असतात आणि रिकाम्या जागेच्या पलीकडे काही सेंटिमीटर पोहोचून स्फुरद आणतात. त्यांचे दुसरे टोक मुळाच्या पेशीत शिरते आणि तिथे झुडपासारख्या बारीक फांद्या फुटतात. देवघेव तिथेच होते. बुरशी स्फुरद देते, झाड साखर आणि स्निग्धांश देते. झाड पानांत बनवलेल्या अन्नाचा साधारण 4 ते 20 टक्के भाग या कामी खर्च करते. त्याशिवाय ही बुरशी वाढूच शकत नाही.

म्हणून मुळ्याचा वाफा तिच्यासाठी उपासाचा असतो. मुळा, कोबी, पालक आणि माठ या बुरशीशी सहसा देवघेव करत नाहीत. उघड्या जमिनीतही तिला यजमान नसतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये जमीन दीर्घकाळ पडीक ठेवली की पुढचे पीक खुरटायचे. बुरशी घटल्यामुळे हे होते, असे 1987 मध्ये दाखवून देण्यात आले.

त्यातून टिलरने उरलेले तंतूही तुटतात. न उकरलेल्या मातीत नवे रोप जुन्या जाळ्याला लवकर जोडले जाते. उकरलेल्या मातीत बीजाणूंपासून आणि मुळांच्या तुकड्यांपासून जाळे पुन्हा उभे राहावे लागते. तोवर बियाण्यातले स्फुरद संपते आणि पाने जांभळी होतात.

मग डीएपी टाकावे का? त्यात 46 टक्के स्फुरद असते, रोपाला ते लगेच मिळते. पण पोट भरलेले झाड बुरशीला बोलावणारे रसायन मुळांतून कमी सोडते आणि देवघेव मंदावते. उरलेले बरेचसे स्फुरद तांबडी माती पुन्हा पकडून ठेवते. मग पुढच्या वर्षी परत गोणी.

मावशींनी दोन ओळींना थोडे डीएपी दिले. बाकीच्या ओळींना फक्त शेणखत घातले आणि तिथले तण न खुरपता विळ्याने कापले. डीएपीच्या ओळी आधी हिरव्या झाल्या आणि उंचही वाढल्या, हे खरे. पण ऑगस्टच्या सुरुवातीला इतर ओळींनाही नवी पाने हिरवी आली. वरच्या तुकड्यात तर काहीच विकत न घालता कणसे भरली.

हा उपाय सगळीकडे चालतो असे नाही. पाणी साचलेल्या भातखाचरात ही बुरशी फारशी वाढत नाही. मातीतच स्फुरद फार कमी असेल, तर नवी पानेही जांभळीच येत राहतात. तेव्हा माती तपासून खत द्यावेच लागते. आणि मातीतले पांढरे धागे दिसले म्हणजे हीच बुरशी असे समजू नका. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मुळे कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळून, व्हिनेगरमध्ये मिसळलेल्या शाईने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. बाजारातली मायकोरायझाची पूडही मुळाला टेकली तरच उपयोगी. वर्षभर मुळा आणि टिलर चालू ठेवून ती टाकणे व्यर्थ.

मका निघाल्यावर मावशी खालीही वाल टोकणार आहेत. मुळा एका कोपऱ्यात राहील, टिलर येणार नाही. पुढच्या जुलैत त्या दोन्ही तुकड्यांची पाने आम्ही शेजारी ठेवून पाहू.