तीस हजारांत बेसिक किती?

साताऱ्याच्या एमआयडीसीत मी दहा वर्षे काढली. माझे साडू तेवढीच वर्षे सांगलीजवळ कुपवाडला होते. शेवटी दोघांचाही पगार महिना तीस हजार. एकाच वर्षी दोघांनी नोकरी सोडली आणि हिशेब हाती आले. त्यांना ग्रॅच्युइटी 92,308 रुपये, मला 57,692.

पगार एकच असला तरी त्याची विभागणी वेगळी होती. माझं बेसिक दहा हजार, घरभाडे भत्ता चार हजार, प्रवास तीन हजार आणि उरलेले तेरा हजार ‘स्पेशल अलाउन्स’. त्यांचं बेसिक सोळा हजार. महागाई भत्ता दोघांनाही नव्हता.

ग्रॅच्युइटीचं गणित तेव्हा असं होतं: शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होईल, तिला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. माझ्या तेरा हजारांच्या स्पेशल अलाउन्सला त्यात जागाच मिळाली नाही.

पीएफचंही तेच. माझ्या पगारातून 12 टक्क्यांनी 1,200 रुपये जायचे आणि तितकेच कंपनी भरायची. साडूंचे 1,920 अधिक तेवढेच. हातात पडणारा पगार माझा जास्त, म्हणून मला तेव्हा तो बरा वाटायचा. प्रत्यक्षात दर महिन्याला कंपनीच्या वाट्याचे 720 रुपये मला कमी मिळत होते. घरभाडे भत्ताही बेसिकच्या 40 टक्के ठरलेला, शिल्लक रजेचे पैसेही आमच्याकडे बेसिकवरच.

आपलं बेसिक ओळखायला पगारपत्रक पुरतं. पीएफची कपात भागिले 0.12 केलं की कंपनी कोणत्या रकमेवर पीएफ भरते ते कळतं. बरोबर 1,800 कपात दिसली, तर समजा की बेसिक कितीही असो, हिशेब पंधरा हजारांच्या मर्यादेवर थांबवलाय. तसं करायला कायद्याची मुभा आहे.

पण नुसतं नाव बदलून बेसिक लहान ठेवता येत नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सरसकट सगळ्यांना मिळणारा भत्ता पीएफसाठी मूळ वेतनातच धरायचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार घरभाडे, प्रवास यांसारखे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. म्हणजे तीस हजारांत किमान पंधरा हजार वेतन.

म्हणून नेमणूकपत्रावर सही करण्याआधी एचआरला दोनच गोष्टी लेखी विचारा: बेसिक किती आणि पीएफ पूर्ण बेसिकवर की पंधरा हजारांवर? मग दोन नोकऱ्यांची तुलना एकूण आकड्यावर नाही, या उत्तरांवर करा.