रजेची चिठ्ठी

आमची मीना पाचवीत आहे. आजीच्या वर्षश्राद्धाला ती ८ ते १० जुलै अशी तीन दिवस गावी आली. रजेचा अर्ज आम्ही आधीच दिला होता. वर्गाच्या बाईंनी त्यावर 'मंजूर' लिहून सही केली होती. तरी महिनाअखेर शाळेच्या ॲपवर ते तीन दिवस 'A' दिसले. A म्हणजे गैरहजर. रजेला तिथे 'L' असतं.

असं का झालं? मूल वर्गात दिसलं नाही, की हजेरीत A लागतो. मंजुरी होती कागदावर. ती ॲपमध्ये कुणीतरी भरावी लागते, ते राहून गेलं.

आम्ही आधी रागाने दोन पानं लिहिली आणि फाडली. मग एवढंच लिहिलं:

"माननीय बाईंस, सा. न. वि. वि.
चि. मीना, इयत्ता ५ वी, हजेरी क्रमांक १४. ८, ९ व १० जुलैची रजा आपण मंजूर केली होती. ॲपमध्ये त्या दिवशी A आहे. तिथे L करावे, ही विनंती. स्क्रीनशॉट व मंजूर अर्जाची प्रत सोबत आहे.
मीनाचे आईवडील"

'हजर लावा' असं आम्ही लिहिलं नाही. ती शाळेत नव्हतीच!

स्क्रीनशॉट म्हणजे मोबाइलच्या पडद्याचा फोटो. आमच्या पहिल्या फोटोत मीनाचं नावच कापलं गेलं होतं. तो कुणाचा, हे बाईंना कसं कळावं? दुसऱ्यात नाव, महिना आणि तिन्ही तारखा आल्या.

दोन दिवसांत L लागला. टक्के मात्र ८८ च राहिले. शाळा भरली २५ दिवस, मीना गेली २२ दिवस. त्या शाळेत रजा हजेरीत धरत नाहीत.