अर्ज हाताशी नाही आणि निरोप येतो: ‘छोटा करून द्या’

बारामती-इंदापूर भागात माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देणाऱ्यांना हा निरोप नेहमी येतो. फोनवरून मुलगा सांगतो, “काका, वडिलांचा अर्ज लांब झालाय म्हणे ऑफिसात, दीडशे शब्दांत बसवून द्या.” अर्ज पाठव म्हटलं की कळतं, त्याचा फोटो जुन्या फोनबरोबर गेला आणि पोच घरी कुठंतरी आहे. म्हणजे छोटं करायला सांगितलंय, पण ज्याला छोटं करायचं तो मजकूरच समोर नाही. अशा वेळी काय करायचं ते क्रमाने सांगतो. उदाहरणाला नीरा डाव्या कालव्याच्या टोकाशी, इंदापूर तालुक्यात शेती असलेला एक शेतकरी घेऊ. उन्हाळी आवर्तन सुटलं, पण त्याच्या चारीला पाणी आलं नाही, अशी त्याची तक्रार आहे.

आधी विचारायचं, हे कोणी सांगितलं आणि अर्ज दाखल झालाय का. दीडशे शब्दांची अट खरी आहे. महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांत २०१२ साली ती आली: अर्ज एकाच विषयाचा असावा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. यातला ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द लक्षात ठेवा. शब्द मोजून अर्ज तिथल्या तिथं परत द्यावा, असं त्या नियमात नाही. अर्जात एकाहून जास्त विषय असतील, तर माहिती अधिकारी फक्त पहिल्या विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतो. म्हणून तुमचा पहिला विषय कोणता होता, याला फार महत्त्व आहे.

अर्ज दाखल झाला असेल, तर तो मागे घेऊ नका आणि ‘बदलून दिला’ असंही लिहून देऊ नका. अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं आणि ती मुदत आवक तारखेपासून मोजतात. कुणी तोंडी सांगितलं म्हणून तुम्ही तो परत घेतलात, तर ती तारीख हातची जाते. अधिकाऱ्याला नम्रपणे एवढंच सांगायचं, “साहेब, काय कमी करायचं ते लेखी द्या.” लेखी मिळालं तर नेमकी हरकत कळते. नाही मिळालं, तर मूळ अर्जाची मुदत चालूच राहते.

मग मजकूर शोधा. आठवणीतून लिहायला बसू नका, ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शेतकऱ्याला आठवतो तो त्याचा राग: पाणी वरच्यांनी अडवलं, पाटकरी आला नाही, पीक वाळलं. अर्जात माहिती कोणती मागितली होती, हे त्याला आठवत नाही. त्या आठवणीवर छोटा अर्ज लिहिला, तर तो पहिल्याचा संक्षेप राहत नाही, नवाच अर्ज होतो आणि पुढे अपिलात दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. मजकूर तीन ठिकाणी सापडू शकतो. एक, घरातली पोच. तिच्यावर आवक क्रमांक असतो. दोन, ज्या टायपिंगवाल्याकडून अर्ज करून घेतला त्याचा संगणक. तिथं नाव आणि महिना सांगितला की फाइल बऱ्याचदा निघते. तीन, ज्या कार्यालयात दिला तेच कार्यालय. आवक क्रमांक सांगून मूळ अर्ज दाखवायची विनंती करा आणि आपल्याच अर्जाची प्रत मागा. अर्ज लिहिता न येणाऱ्याला लिहायला मदत करणं कायद्याने अधिकाऱ्याचं कामच आहे, तेव्हा ही विनंती अवघडून करायची गरज नाही.

तिन्ही ठिकाणी मिळाला नाही, तर त्या मुलाला सरळ सांगा: “जुना अर्ज मला दिसत नाही, त्यामुळे तो छोटा करता येणार नाही. बाबांना काय हवंय ते विचारून नवा लिहू.” नव्या अर्जात ‘माझ्या पूर्वीच्या अर्जानुसार’ असं लिहू नका. त्या अर्जात काय होतं ते तुम्हाला माहीत नाही आणि समोरच्याकडे तो असू शकतो. नवा अर्ज वेगळा, त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प वेगळा आणि त्याची मुदतही वेगळी.

आता शेतकऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: “कुठला कागद हातात आला की तुमचं समाधान होईल?” तो सुरुवातीला तक्रारच सांगेल, ती ऐकून घ्या. त्यातून शेवटी कागद निघतातच. पाणी सोडल्याची नोंद, त्या फाट्याचा पाणीवाटप कार्यक्रम आणि पाणी मागणीच्या नमुना ७ च्या अर्जांची नोंद. आपल्या शेतकऱ्याचा खरा प्रश्न हा होता की पाणी फाट्यापर्यंत आलं का, की वरच संपलं. हे पहिल्या नोंदीवरूनच कळणार, म्हणून ती सर्वांत वर घ्यायची.

मग काट-छाट. अर्ज का करतोय, याचं कारण द्यायची कायद्याने गरज नाही, म्हणून पिकाची कहाणी जाते. ‘पाणी का दिलं नाही’ हा प्रश्नही जातो, कारण माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेली नोंद. साहेबांचा खुलासा असा मागता येत नाही. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ हे वाक्य जातं, कारण त्याचं उत्तर ‘माहिती संदिग्ध आहे’ असंच येण्याची शक्यता असते. फाट्याचं नाव आणि तारखा मात्र काढायच्या नाहीत. अर्ज छोटा करण्याच्या नादात लोक नेमकं तेच काढतात.

जोडपत्र ‘अ’ मध्ये भरायचा मजकूर असा होतो:

माहितीचा विषय: नीरा डावा कालवा, (फाट्याचे नाव), उन्हाळी आवर्तन.

कालावधी: १ मार्च २०२५ ते ३० जून २०२५.

वर्णन: (१) या फाट्यावर रोज सोडलेल्या पाण्याच्या नोंदवहीच्या प्रती. (२) या फाट्याच्या मंजूर पाणीवाटप कार्यक्रमाची प्रत. (३) या फाट्यावरील नमुना ७ च्या मागणी अर्जांच्या नोंदवहीच्या प्रती.

सगळं मिळून पन्नास शब्दही होत नाहीत. फाट्याचं नाव खात्याच्या कागदावर असेल तसंच लिहा. गावात एक नाव चालतं आणि खात्यात दुसरं, असं बऱ्याचदा असतं. पाणीपट्टीच्या पावतीवर ते सापडतं का बघा. नोंदवहीला खात्यात काय म्हणतात हे ठाऊक नसेल, तर अंदाजाने नाव देऊ नका. त्याऐवजी एक वाक्य घाला: ‘या नोंदी प्रत्यक्ष पाहण्यासाठी वेळ द्यावी.’ कागद समोर बसून पाहण्याचा अधिकार कायद्यात आहे. तिथं वह्या डोळ्यांनी पाहिल्या की कोणती पानं मागायची ते कळतं आणि प्रतीचे पैसेही वाचतात.

लिहून झालं की अर्ज शेतकऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा. “हेच पाहिजे का?” असं विचारल्यावर तो ‘आणि ते टँकरचं?’ म्हणाला, तर टँकर हा वेगळा विषय आहे आणि त्याला वेगळा अर्ज लागेल, हे तिथंच सांगा. यात तो घुसवला, तर पुन्हा ‘छोटा करा’ म्हणून निरोप येणार.

दाखल करताना दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. तिचा फोटो मुलाच्या फोनवर, वडिलांच्या फोनवर आणि तुमच्याकडे, असा तिन्हीकडे ठेवा. वहीत एक ओळ लिहा: नाव, गाव, विषय, आवक क्रमांक, ३० दिवस कधी संपतात ती तारीख. जुना अर्ज दाखल असेल, तर त्याचीही ओळ ठेवा, मजकूर सापडला नसला तरी. त्याच्या मुदतीत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत जोडपत्र ‘ब’ मध्ये २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील करता येतं. त्यासाठी जुना अर्ज मिळवायला पुन्हा त्याच आवक क्रमांकाने कार्यालयात जावं लागेल.